तुळईतलं गोल भोक कुणाचं?

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात राहतो. ओसरीवरच्या सागवानी तुळईला खालच्या अंगाने दोन आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या चौकटीला तीन, अशी गिरमिटाने पाडावीत तशी गोल भोकं पडली आहेत. चौकटीतलं तिसरं भोक अगदी परवाचं आहे. त्यात काडी घातली तर बोटाच्या एका पेराएवढीच आत जाते. बाकीच्यांत ती आत जाऊन अडते. खाली भुसा पडतो आणि एक मोठा काळा भुंगा आत-बाहेर करतो. दुसरा एक दिवसभर ओसरीत तोंडासमोर येऊन घोंघावतो, त्यामुळे नातवंडं बाहेर खेळायला घाबरतात. सुतार म्हणतो, रॉकेल ओता आणि लांबी भरून टाका. तुळई पोखरून खाली तर येणार नाही ना? आम्ही काय करावं?

उत्तर : आधी काळजीचं उत्तर देतो. तुळई खाली येणार नाही. रॉकेल ओतू नका. भोकं बुजवायची आहेत, पण पाचही एकाच दिवशी नाहीत. परवाचं भोक आजच बुजवा, उरलेली चार रिकामी झाल्याची खात्री पटेपर्यंत थांबा. आणि तुळईपेक्षा खिडकीकडे जास्त लक्ष द्या. असं का म्हणतो, ते समजायला आत नेमकं काय चाललं आहे हे माहीत हवं.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हे काम भुंग्याचं आहे यात शंका वाटत नाही. तरी इतर वाचकांसाठी ओळख सांगून ठेवतो, कारण लाकडातलं प्रत्येक भोक भुंग्याच्या नावावर जमा होतं आणि मग भलताच उपाय केला जातो. भुंग्याचं भोक करंगळी सहज जाईल एवढं, एक ते दीड सेंटिमीटर व्यासाचं आणि अगदी रेखीव गोल असतं. खाली पडणारा भुसा जाडसर, हाताला खरखरीत लागणारा असतो. भोकाच्या खाली लाकडावर किंवा भिंतीवर पिवळट ओघळ दिसतात. ती भुंग्याची विष्ठा आणि सांडलेले परागकण. याउलट टाचणीच्या टोकाएवढी पुष्कळ भोकं दिसली आणि खाली मैद्यासारखी पूड पडत असली, तर लाकडाला कीड लागली आहे. ती बारीक भुंगेऱ्यांच्या अळ्यांची. वाळवी तर भोक पाडून दाखवतच नाही. ती मातीच्या नळ्या बांधत येते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं लाकूड खाते. हे दोन्ही प्राणी लाकडावर जगतात आणि घराला खरा धोका त्यांच्यापासून असतो. भुंगा लाकूड खात नाही. तो मध आणि पराग खातो. लाकूड त्याला फक्त घरासाठी लागतं.

शास्त्रज्ञ या भुंग्यांना झायलोकोपा प्रजातीतले म्हणतात. ही मधमाशांचीच भावकी आहे, पण ते पोळं बांधत नाहीत आणि त्यांची राणी-कामकरी अशी मोठी वसाहतही नसते. पुण्यात दोन तऱ्हेचे भुंगे सहज दिसतात. एक पूर्ण काळा, उन्हात पंखांवर निळी-हिरवी झळाळी असलेला, अंगठ्याच्या पेराएवढा. दुसऱ्यात मादी काळी आणि पाठीच्या पुढच्या भागावर पिवळी लव असलेली, तर नर जवळजवळ सगळा पिवळसर. भोक पाडते ती फक्त मादी. तुमच्या तोंडासमोर येऊन घोंघावणारा आहे तो नर. त्याने ओसरीतली थोडी जागा आपली ठरवलेली असते आणि त्या हद्दीत काही हललं की तो तपासायला येतो. दुसरा भुंगा आला तरी येतो आणि तुमचा नातू आला तरी येतो. त्याला नांगी नसते. तो चावत नाही आणि डसूही शकत नाही. मादीला नांगी असते, पण ती हातात धरली, अंगाखाली चिरडली किंवा तिच्या भोकात बोट घातलं तरच ती वापरते. मुलांना एवढा एकच नियम सांगा : भोकात काडी किंवा बोट घालायचं नाही. आग्या मोहोळासारखं चवताळून पाठलाग करणं या प्राण्याच्या स्वभावात नाही.

आता आत काय असतं ते पाहू. मादी जबड्याने लाकूड कुरतडत प्रथम सरळ आत जाते. दोन-तीन सेंटिमीटर गेल्यावर ती काटकोनात वळते आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने बोगदा खोदते. रेषेला आडवं कुरतडणं कष्टाचं, रेषेबरोबर जाणं त्या मानाने सोपं. तुमची काडी अडते ती या वळणावर. म्हणून बाहेरून काडी अडली की भोक तेवढंच आहे असं समजू नका. पुढचा बोगदा वीतभर लांब असू शकतो, आणि जुन्या घरट्यात तो दोन्ही बाजूंना किंवा एकमेकांना समांतर असा फुटलेला असतो.

बोगद्याच्या टोकाला ती पराग आणि मध कालवून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि कुरतडलेल्या भुशात लाळ मिसळून त्याचा पडदा लावून ती खोली बंद करते. त्याच्या अलीकडे दुसरी खोली, मग तिसरी. भुंग्याचं अंडं कीटकांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी असतं, त्यामुळे खोल्या थोड्याच असतात, एका ओळीत सहसा दहाच्या आत. अंड्यातून अळी निघते, गोळा संपवते, कोश होते आणि साधारण दीड ते दोन महिन्यांत पंख असलेला भुंगा तयार होतो. पण तयार झाल्याबरोबर तो निघून जात नाही. तरुण भुंगे बरेच दिवस आईच्या घरट्यात राहतात आणि आई बाहेरून आणलेलं त्यांना भरवते. इस्राएलमध्ये आपल्याकडच्या पिवळ्या लवेच्या भुंग्याच्या जातीवर यासंबंधी बारकाईने काम झालं आहे. त्यात असंही दिसलं की एका घरट्यात कधी दोन माद्या असतात, एक अंडी घालते आणि दुसरी दारात बसून राखण करते. तेव्हा तुम्हाला एक भुंगा येता-जाता दिसला, तरी आत एकच जीव आहे असं धरून चालू नका.

घर खोदायला फार श्रम पडतात, त्यामुळे तयार घर सोडणं भुंग्याला परवडत नाही. पुढची मादी त्याच भोकातून जाते, जुना बोगदा झाडून घेते, थोडा वाढवते. जुन्या घरट्यासाठी माद्यांची भांडणंही होतात. म्हणून उघडं राहिलेलं प्रत्येक भोक हे पुढच्या पिढीला दिलेलं आमंत्रण ठरतं. भोकं बुजवायची ती एवढ्यासाठी.

सागाला भुंगा कसा लागला, असं तुमच्या मनात आलं असेल. भुंग्याला लागतं वाळलेलं, मेलेलं, उघडं लाकूड. हिरव्या झाडात तो घर करत नाही, झाडाच्या वाळक्या फांदीत करतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या करुणेबद्दल सांगताना, वाटेल तसलं लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत सापडतो असा दृष्टान्त आला आहे. तिथेही लाकूड कोरडंच म्हटलं आहे. 1290 सालच्या ग्रंथातलं हे निरीक्षण अगदी अचूक आहे. शेवगा, पांगारा, सावर, आंबा, पाइन अशी मऊ लाकडं भुंग्याला सर्वांत आवडतात. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण भुंग्याला लाकूड पचवायचं नसतं, नुसतं कुरतडून टाकायचं असतं. दीडशे वर्षं वारा-पाऊस खाल्लेल्या, रंग उडालेल्या सागाचा वरचा थर त्याला पुरेसा मऊ पडतो. शिवाय चौकटीत सुताराने गाभ्याला लागून असलेला पांढुरका भाग ठेवला असेल, तर भोक बहुतेक तिथेच सापडेल. एकदा बघा.

आता तुळईचा हिशेब. तुमच्या ओसरीची तुळई आठ इंच उंच आणि सहा इंच रुंद, म्हणजे साधारण वीस बाय पंधरा सेंटिमीटर आहे असं धरू. छेदाचं क्षेत्रफळ 300 चौरस सेंटिमीटर झालं. दीड सेंटिमीटर व्यासाचा बोगदा त्यातले पावणेदोन चौरस सेंटिमीटर घेतो, म्हणजे शेकडा अर्ध्याच्या थोडं वर. अर्थात तुळई वाकते तेव्हा सगळं लाकूड सारखा भार घेत नाही. वरचा आणि खालचा थर सर्वांत जास्त घेतो, मधला गाभा जवळजवळ नाही. तुमची भोकं खालच्या अंगाला आहेत, तेव्हा बोगदे जरा महत्त्वाच्या जागी आहेत. ते लक्षात घेऊन गणित केलं तरी एका बोगद्यामागे तुळईचा ताठपणा शेकडा एकाने कमी होतो. दोन्ही बोगदे शेजारी-शेजारी आले तर शेकडा दोन. जुन्या वाड्यांच्या तुळया आजच्या हिशेबाने गरजेपेक्षा जाड असतात आणि त्यांत एवढी सोय सहज निघते. हाच हिशेब दोन-अडीच इंची वाशाला लावला तर मात्र चित्र बदलतं. वासा किंवा रीप यांत तीन-चार समांतर बोगदे असले तर तो बदलावा.

भुंग्याकडे बघताना तुळईची टोकं बघायची राहतात, म्हणून आवर्जून सांगतो. वाड्याची तुळई मोडते ती बहुधा भिंतीत शिरलेल्या टोकाशी. तिथे कौलातून, पन्हळीतून किंवा शेजारच्या मोरीतून ओल झिरपते आणि लाकूड आतून कुजतं. पेचकसाचं टोक तुळईच्या त्या भागात दाबून बघा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त सहज रुतलं किंवा लाकूड ओलसर काळं निघालं, तर भुंगा विसरा आणि जुन्या इमारतींचं काम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

खिडकीची गोष्ट वेगळी आहे. चार इंच बाय अडीच इंचाच्या चौकटीचा छेद 65 चौरस सेंटिमीटर भरतो. तीन बोगदे एकाच पातळीवर आले तर त्यातला बाराव्या भागाएवढा गेला. पण चौकटीवर तसा भार नसतो, तेव्हा ताकदीची भीती इथेही नाही. भीती आहे पावसाची. रस्त्याकडच्या तोंडाला असलेल्या भोकात झड शिरली की पाणी वळणापाशी साठतं आणि बाहेर यायला वाट नसते. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे बुरशी धरते, बिजागरीचे स्क्रू ढिले पडतात, झडप खाली झुकते. तुळईचं भोक छपराखाली आणि खालच्या अंगाला असल्याने तिथे पाणी जात नाही. म्हणून घाई करायचीच असेल तर ती खिडकीसाठी करा आणि पावसाआधी काम संपेल असं बघा. घरटं रिकामं होण्याआधी पाऊस आलाच, तर भोकाच्या वर पत्र्याची लहानशी पट्टी पुढे झुकती ठोका. पाणी ओघळून जाईल आणि भुंग्याची वाट मोकळी राहील.

मग आजच लांबी का भरायची नाही? कारण आत जिवंत भुंगे असतील तर ते लांबी कुरतडून बाहेर येतात. ज्या जबड्याने साग फोडला त्याला लांबी काय अडवणार? दारातली बुजवणी पक्की असेल तर ते बाजूने नवं भोक पाडतात आणि तुमच्या चौकटीला तीनाऐवजी चार भोकं होतात. जे कोवळे असतात ते आत मरतात. मेलेल्या अळ्या आणि आंबलेला पराग यांवर मुंग्या येतात. रॉकेलने दारापाशी असलेली मादी मरेल, पण वळणापलीकडे पडद्याआड असलेल्या अळ्यांपर्यंत ते पोचेलच असं नाही. आणि दीडशे वर्षांच्या सुक्या लाकडात, खाली समई-निरांजन लागणाऱ्या घरात, रॉकेल मुरवणं मला मुळीच पटत नाही.

पुस्तकांत आणि चित्रफितींत ‘शरद ऋतूत भोकं बुजवा’ असा सल्ला सापडतो. तो अमेरिकेतला आहे. तिथल्या पूर्वेकडच्या भुंग्याची वर्षाला एकच पिढी होते आणि सगळे एकाच सुमारास बाहेर पडतात, त्यामुळे तारीख सांगता येते. पुण्याची हवा तशी नाही. इथे वर्षभर काही ना काही फुललेलं असतं आणि भुंग्याच्या एकाहून अधिक पिढ्या निघतात. शेजारच्या दोन भोकांत एकात नुकती घातलेली अंडी आणि दुसऱ्यात उडायला तयार पिल्लं असू शकतात. त्यामुळे पंचांग उपयोगी पडत नाही. प्रत्येक भोकालाच विचारावं लागतं.

ते असं विचारायचं. अंधार पडल्यावर, भुंगे घरी आलेले असताना, पातळ कागदाच्या रुमालाचा छोटा तुकडा चुरगळून भोकाच्या तोंडात अगदी सैल अडकवा. दाबू नका. मादी आत असेल तर दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की कागद खाली पडलेला दिसेल. मग ते भोक चालू आहे असं समजून पंधरा दिवस तिकडे बघू नका आणि नंतर पुन्हा कागद लावा. कागद तसाच राहिला तरी लगेच बुजवायचं नाही. आई मेली असेल आणि पिल्लं पडद्याआड वाढत असतील. ती तयार झाली की कागद सहज ढकलून बाहेर पडतील. भोकाशेजारी खडूने किंवा पेन्सिलीने तारीख लिहा. त्या तारखेपासून पूर्ण दोन महिने कागद हलला नाही, थंडीचे दिवस असतील तर अडीच महिने, की भोक रिकामं समजा. तुमच्या चार भोकांच्या तारखा वेगवेगळ्या येतील. ज्याची येईल ते बुजवा.

परवाच्या भोकाला मात्र हा नियम लागू नाही. काडी एका पेरावर अडते म्हणजे मादी फार तर वळणापाशी पोचली आहे. अंड्यांचा प्रश्नच येत नाही. दुपारी ती बाहेर गेली आहे याची टॉर्च लावून खात्री करा आणि ते भोक लगेच बंद करून टाका. ती परत येईल, थोडा वेळ घुटमळेल आणि शेजारी नवीन जागा शोधू लागेल. म्हणून त्याच दिवशी चौकटीच्या उरलेल्या उघड्या लाकडाला निदान प्रायमरचा एक हात द्या.

बुजवण्याची रीत सुताराला नीट समजावून सांगा, कारण नुसती लांबी हा सर्वांचा आवडता आणि सर्वांत कुचकामी उपाय आहे. रिकाम्या भोकातला भुसा तारेने ओढून काढा. मग स्टेनलेस स्टीलच्या भांडी घासायच्या घासणीचा तुकडा वळणापर्यंत दाबून बसवा. साध्या लोखंडी तारेची घासणी नको, ती गंजते आणि सागावर काळा डाग उठतो. त्यावर भोकाच्या मापाची सागाची गोल खुंटी लाकडाच्या गोंदात बुडवून हातोडीने ठोका. खुंटी पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटर आत राहू द्या आणि तेवढ्याच खोलगटात लांबी भरा. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून घ्या. सिमेंट किंवा प्लास्टर भरू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट तसं हलत नाही. दोन ऋतूंत कडेने फट पडते आणि पाणी आत जातं. मागचा लांब बोगदा पोकळ राहिला तरी चालतो, पण बिजागरीचा स्क्रू नेमका त्या पोकळीत येत असेल तर तिथे इपॉक्सी भरून मगच स्क्रू घट्ट करावा.

शेवटचं आणि खरं काम रंगाचं आहे. भुंगा जागा निवडतो तेव्हा त्याला उघड्या लाकडाचा पोत हवा असतो. प्रायमर आणि त्यावर तेलरंगाचे दोन हात असतील तर तो सहसा नवीन सुरुवात करत नाही. व्हार्निश किंवा पॉलिश तेवढं उपयोगी पडत नाही, उन्हाने ते लवकर विरतं. रंगाऱ्यावर लक्ष ठेवा. समोरून दिसणारं अंग रंगवून तो मोकळा होतो आणि चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाची खालची बाजू, झडपेची खालची कड आणि कापलेली टोकं कोरी राहतात. भुंगा तीच शोधतो. तुळईला तेलरंग लावायला तुमचं मन घेणार नाही, माझंही घेतलं नसतं. तिथे दर एक-दोन वर्षांनी जवसाचं तेल पुसत राहा. त्याने भुंगा नक्की थांबेल असं वचन देत नाही, पण लाकूड कोरडं पडत नाही आणि नवीन भोक पडलं तर पेरभर असतानाच तुमच्या नजरेस येतं.

प्रश्न : कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीत पाइनच्या लाकडाचा मांडव आहे. त्यावर कृष्णकमळाचा वेल सोडला आहे. मांडवाला भुंग्यांनी आठ-दहा भोकं पाडली आहेत. कमिटीने कीटकनाशकाची फवारणी ठरवली आहे. करू द्यावी का?

उत्तर : वेल कशासाठी लावला आहे, ते कमिटीला विचारा. फळांसाठी असेल तर हे भुंगेच तुमचे कामगार आहेत. कृष्णकमळाच्या जातकुळीतल्या पॅशन फ्रूटच्या फुलात परागकोश आणि त्याहून उंचावरचं स्त्रीकेसराचं टोक यांत इतकं अंतर असतं, की मध पिताना एकाच वेळी पाठ दोन्हींना घासेल असा मोठा कीटक लागतो. साधी मधमाशी खालून मध घेऊन निघून जाते. ब्राझीलमध्ये पॅशन फ्रूटचे शेतकरी भुंग्यांसाठी मुद्दाम लाकडाची घरटी तयार करून मळ्यात ठेवतात. भुंगे नसले तर माणसं लावून हाताने फुलं फळवावी लागतात. गच्चीत वांगी किंवा टोमॅटो असतील तर त्यांनाही भुंग्याचा फायदा आहे. या फुलांचे परागकोश टोकाला बारीक छिद्राने उघडतात. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग त्यातून उडतो. मारुतीला आपण वाहतो त्या रुईच्या फुलांचं परागीभवनही मुख्यतः भुंगेच करतात.

आणि भुंग्याची पोच दिवसापुरती नाही. आपल्याच जिल्ह्यात, भीमाशंकरच्या अभयारण्यात, हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी वारस या झाडाच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर काम केलं. 2001 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की ती फुलं भुंगे फळवतात. पुढे स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की तिथल्या एका जातीचे भुंगे चंद्र नसलेल्या रात्रीही, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात, उडतात आणि रंग ओळखतात. दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांसारख्याच बांधणीचे डोळे असून हे त्यांना साधतं, म्हणून जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष भीमाशंकरकडे गेलं.

फवारणीला माझा विरोध आहे आणि तो केवळ भुंग्यांच्या प्रेमापोटी नाही. मांडवावर फवारलेलं औषध वेलाच्या फुलांवर आणि तुम्ही खाणार त्या फळांवर पडतं. सोडलेल्या जुन्या भोकांत मातीचं दार लावणाऱ्या कुंभारणी आणि पानांचे तुकडे आणणाऱ्या लहान माश्या राहतात, त्याही मरतात. बोगद्यातल्या अळ्या पडद्याआड वाचतात. आणि कोरा पाइन तसाच उघडा राहतो, त्यामुळे पुढच्या हंगामात दुसरे भुंगे येतात. तेव्हा पुन्हा फवारणी.

त्यापेक्षा वर सांगितलेल्या कागदाच्या रीतीने भोकं तपासा, रिकामी होतील तशी खुंट्यांनी बुजवा आणि पूर्ण मांडवाला सगळ्या अंगांनी तेलरंग द्या. रंग देण्याआधी प्रत्येक आडव्या लाकडावर बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज हातभर लांब येत असेल तर ते लाकूड बदला. मांडवाची लाकडं दोन-तीन इंचीच असतात आणि तिथे आठ-दहा भोकं ही वाड्यातल्या तुळईपेक्षा गंभीर बाब आहे, विशेषतः खाली माणसं बसत असतील तर. काढलेलं लाकूड टाकू नका. त्यात पिल्लं असतील. गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी ते आडवं बांधून ठेवा.

त्याच कोपऱ्यात भुंग्यांना दुसरी जागा करून द्या. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची मनगटाएवढी जाड वाळकी फांदी, हातभर लांबीची, छपराखाली आडवी टांगा. किंवा बारा ते पंधरा मिलिमीटर पोकळीचे बांबूचे वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे, एका टोकाला पेर बंद राहील असे कापून, मोळी बांधून ठेवा. तोंडं सकाळच्या उन्हाकडे करा. काही भुंगे तिकडे जातील, काही जाणारही नाहीत. रंगवलेला मांडव आणि शेजारी कोरं मऊ लाकूड असं दोन्ही असलं तरच हा उपाय लागू पडतो. मांडव कोरा ठेवून नुसती फांदी टांगली, तर भुंग्यांना आणखी एक घर मिळेल आणि मांडवाची भोकंही वाढतच राहतील.